पार्ट बी भरायचा हक्क आमच्याकडे द्या: मराठवाड्यातील माल पाठवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील जिनिंग-प्रेसिंगवाले, सळई कारखानदार, तेल मिलवाले आणि गाडीभर माल बाहेर पाठवणारे सर्व व्यापारी यांस,

स. न. वि. वि.

यंदा हंगाम सुरू होताना तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या लोडिंग स्लिपवर एक नवी ओळ छापून आली आहे. ‘रस्त्यात ई-वे बिलाबाबत दंड अथवा अडवणूक झाल्यास संपूर्ण जबाबदारी वाहतूकदाराची राहील.’ त्याखाली ड्रायव्हरची सही घेतली जाते. ड्रायव्हर बिचारा गेटपास मिळावा म्हणून सही करतो आणि गाडी काढतो. ती सही आमच्या वतीने झाली असं तुम्ही धरून चालता. आम्हाला हे मान्य नाही, आणि मान्य का नाही हे सगळ्यांसमोर सांगावं म्हणून हे पत्र लिहितो आहे.

परभणीला आमचं छोटं ट्रान्सपोर्ट ऑफिस आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघतो. स्वतःच्या गाड्या थोड्या, बाकी लोकांच्या गाड्या आमच्या बिल्टीवर चालतात. कापसाच्या गाठी इचलकरंजी-सोलापूरकडे, सरकी पेंड आणि सळई जिथे मागणी असेल तिथे. रात्री गाडी बंद पडली की फोन मलाच येतो. म्हणून ई-वे बिल कुठे अडतं हे मला कायद्याच्या पुस्तकातून कमी आणि रस्त्यावरून जास्त कळलं आहे.

आधी या हंगामातली एक खेप सांगतो. जिनिंगचं नाव घेत नाही, कारण हे एकट्या त्या जिनिंगचं दुखणं नाही.

शनिवारी संध्याकाळी १०० गाठी भरल्या. गाठ १७० किलोची, म्हणजे १७ टन माल. खंडी ३५६ किलोची, त्या हिशेबाने पावणेअठ्ठेचाळीस खंड्या. ५५ हजारांचा भाव धरला तर माल सव्वासव्वीस लाखांचा आणि त्यावर ५ टक्के जीएसटी १ लाख ३१ हजारांचा. इचलकरंजीकडची सूतगिरणी, अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. २०० किलोमीटरला एक दिवस या नियमाने ई-वे बिलाला तीन दिवसांची मुदत मिळाली. मुनीमजींनी पोर्टलवर बिल काढलं, गाडीचा नंबर टाकला, प्रिंट ड्रायव्हरच्या हातात दिली. सगळं बरोबर दिसत होतं. फक्त ट्रान्सपोर्टर आयडीची जागा कोरी होती.

रात्री कळंब सोडून येडशीकडे जाताना गाडीचा क्राऊन तुटला. तिथे उभ्या उभ्या दुरुस्त होण्यासारखं काम नाही ते. आम्ही धाराशिवहून दुसरी गाडी आणि हमाल पाठवले, मध्यरात्रीनंतर गाठी पलटी केल्या, ताडपत्री बांधली, दोरखंड आवळले. गाडी निघायला तयार. पण ई-वे बिलावर नंबर जुन्या गाडीचा.

नियम १३८ मध्ये याची वाट स्पष्ट लिहिलेली आहे. माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत गेला तर पुढे हलण्याआधी पार्ट बीमध्ये नवा नंबर टाकायचा. पोर्टलवर `Update Part B/Vehicle` मध्ये जायचं, बिलाचा बारा आकडी नंबर टाकायचा, नव्या गाडीचा नंबर, माल जिथे पलटी झाला ते ठिकाण, आणि कारणात `Due to Break Down` निवडायचं. दोन मिनिटांचं काम. किती वेळा गाडी बदलावी यालाही मर्यादा नाही. नवा इन्व्हॉइस लागत नाही, नवं बिल लागत नाही, बिलाचा नंबरही तोच राहतो. ड्रायव्हरकडे नवा कागद नसला तरी चालतं, कारण पथकवाला बारा आकडी नंबर टाकून पोर्टलवर ताजा नंबर बघतो.

पण हे दोन मिनिटांचं काम मला करता येत नव्हतं. बिलावर आमचा आयडी असता तर ते बिल माझ्या लॉगिनमध्ये दिसलं असतं आणि मी ऑफिसातून नंबर बदलला असता. आयडी कोरा असल्यामुळे पोर्टलच्या लेखी त्या मालाला वाहतूकदारच नव्हता. ज्याने बिल काढलं त्यालाच बदल करता येणार, म्हणजे जिनिंगच्या लॉगिनला. मुनीमजींचा फोन बंद. रविवारी ते गावी गेलेले. १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच पोर्टलवर पासवर्डशिवाय ओटीपी लागतो, आणि तो ओटीपी जातो मालकांच्या मोबाइलवर. मालक लग्नासाठी पुण्यात. रविवारी संध्याकाळी त्यांनी फोन उचलला, ओटीपी सांगितला, कुणीतरी लॉगिन केलं आणि नंबर बदलला. तोवर भरलेली गाडी येडशीजवळ धाब्याच्या आवारात उभी. नव्या गाडीवाल्याने हॉल्टिंग घेतलं, हमालांनी रात्रीचा दर घेतला, आणि माल उशिरा पोहोचला म्हणून तुम्ही आमच्या भाड्यातून रक्कम कापली.

तुमच्यातले काही जण म्हणाले, ‘निघायचं ना सरळ, रात्री कोण बघतं?’ निघालो असतो आणि सोलापूरच्या अलीकडे पथकाने गाडी बाजूला घेतली असती तर काय झालं असतं ते नीट ऐका. बिलावर एक गाडी, रस्त्यावर दुसरी. गाडीच्या नंबरात एखाद-दोन आकडे चुकले असतील तर सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकाने सवलत आहे. केंद्राचे ५०० आणि राज्याचे ५०० देऊन गाडी सुटते. आपल्या प्रसंगात नंबरच वेगळा, त्याला ही सवलत लागत नाही. मग कलम १२९. मालाचा मालक पुढे आला तर कराच्या दोनशे टक्के, म्हणजे आपल्या खेपेला २ लाख ६२ हजार. पुढे आला नाही तर मालाच्या किमतीच्या निम्मे किंवा कराच्या दोनशे टक्के, जे जास्त असेल ते. इथे ते तेरा लाखांच्या वर जातं. कर तुम्ही इन्व्हॉइसमध्ये प्रामाणिकपणे लावलेला असतानाही कागद हा असा उभा राहतो, आणि तो चुकीचा होता हे सिद्ध करायला अपिलात जावं लागतं. त्या एका खेपेचं आमचं भाडं पस्तीस हजारांच्या घरात आहे. एवढ्या भाड्यावर मी कुठल्या हिमतीने ‘निघ’ म्हणू?

आणि दंड कुणाचा, याबद्दल. गाडीबरोबर इन्व्हॉइस असेल तर मालाचा मालक पाठवणारा किंवा घेणारा धरावा, असं ३१ डिसेंबर २०१८ च्या परिपत्रकात म्हटलेलं आहे. म्हणजे कलम १२९ खाली पुढे येणारा मालक तुमच्या दोघांपैकी एक. वाहतूकदाराला स्वतःची गाडी सोडवायची असेल तर त्या दंडाइतकी रक्कम किंवा १ लाख रुपये, यातलं जे कमी असेल ते भरावं लागतं. कायद्याने आमचा वाटा इतका धरलेला आहे आणि तो आमच्यासारख्याला काही लहान नाही. तुम्ही स्लिपवरच्या एका ओळीने दोन्ही वाटे आमच्या अंगावर टाकता, आणि त्याच वेळी चूक दुरुस्त करायचा हक्क स्वतःच्या लॉगिनमध्ये ठेवता. माझी मुख्य तक्रार ही आहे. जबाबदारी द्यायची असेल तर अधिकार सोबत द्या.

आयडी कोरा का राहतो, हे मी मुनीम मंडळींना विचारलं आहे. एक कारण असं, की पार्ट बीमध्ये गाडीचा नंबर टाकला की पोर्टल बिल काढून देतं, मग आयडीचा खोळंबा कशाला? दुसरं, गाडी दलालाकडून आलेली असते आणि बिल्टी कुणाची हे भरेपर्यंत ठरलेलं नसतं. तिसरं कारण थोडं नाजूक आहे: आयडी दिला तर आमचा माल कुणाला, किती, काय भावाने जातो हे ट्रान्सपोर्टवाल्याला दिसेल, अशी काहींना भीती वाटते. पण इन्व्हॉइसची प्रत तर तुम्ही ड्रायव्हरच्या हातात देताच. त्यात जे आहे त्यापलीकडे आयडीने मला काही कळत नाही.

दलालाच्या बाबतीत आणखी एक घोळ होतो. आयडी भरला जातो, पण दलालाच्या ऑफिसचा. आणि गाडी असते आमच्या बिल्टीवर. मग नंबर बदलायचा हक्क दलालाकडे. त्याने ठरवलं तर तो पोर्टलवरून आमच्या आयडीवर बिल सोपवू शकतो. पण तो रात्री झोपलेला असला तर पुन्हा तेच. आणि सोपवलेल्या वाहतूकदाराने एकदा पार्ट बी भरला की तुम्ही स्वतः तो आयडी परत बदलू शकत नाही, सोपवलेल्यानेच पुढे सोपवायचं. म्हणून पहिल्यांदाच बरोबर माणसाचा आयडी पडायला हवा: ज्याच्या बिल्टीवर माल जातो त्याचा. आयडी टाकायचा राहिलाच असेल, तर गाडी गेटबाहेर पडल्यावरही तुमच्या लॉगिनमधून `Update EWB Transporter` मध्ये तो देता येतो. फक्त ते गाडी बंद पडायच्या आधी करा.

दुसरी तक्रार इन्व्हॉइसची. गाडी काट्यावर जायच्या आधीच अंदाजी वजनावर कच्चा इन्व्हॉइस काढून ई-वे बिल तयार ठेवायची पद्धत काही ठिकाणी रुळली आहे. सळईत हे जास्त. गाडी भरून झाल्यावर काट्यावर वजन वेगळं येतं, मग इन्व्हॉइस बदलतो, कधी नंबरही बदलतो, आणि ई-वे बिल मात्र जुन्याच इन्व्हॉइसचं राहतं. पार्ट ए दुरुस्त करता येत नाही. तो रद्दच करावा लागतो, आणि तेही चोवीस तासांच्या आत आणि रस्त्यात कुणी तपासलेलं नसेल तर. ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्यांना ई-इन्व्हॉइस लागतो. तिथे तर ई-वे बिल चालू असेपर्यंत तो इन्व्हॉइस पोर्टलवर रद्दही होत नाही. आधी ई-वे बिल, मग इन्व्हॉइस, आणि दोन्हींना मुदत चोवीस तासच. ड्रायव्हरच्या हातात इन्व्हॉइसवर २४ टन ८०० आणि बिलावर २५ टन असे दोन कागद असले की पथकासमोर उत्तर त्याला द्यावं लागतं, मुनीमजींना नाही.

क्रम साधा आहे. गाडी भरली, काटा झाला, इन्व्हॉइस पक्का झाला. ई-इन्व्हॉइस लागत असेल तर त्याचा आयआरएन निघाला. त्यानंतर त्याच इन्व्हॉइसवरून पार्ट ए. सॉफ्टवेअरमधून काढलंत तर नंबर, तारीख, एचएसएन, किंमत, दोन्हीकडचे पिन कोड त्यातूनच उचलले जातात, हाताने टाइप करायची गरज पडत नाही. टाइप केलेल्या पिन कोडने होणारं नुकसान मी पाहिलेलं आहे: पोर्टल अंतर पिन कोडवरून काढतं आणि अंतरावरून मुदत. पिन चुकला की तीन दिवसांची मुदत दोन दिवसांची होते. पिन कोडच्या चुकीला परिपत्रकात हजाराची सवलत आहे, पण मुदत त्या चुकीने वाढलेली असेल तर नाही.

घाई तुम्हाला एकाच गोष्टीची असते, गाडी दारातून लवकर निघावी. तर पार्ट बीसाठी थांबूच नका. पार्ट ए भरा, आमचा आयडी टाका, नंबर आम्हाला कळवा. पार्ट बी भरेपर्यंत तो कागद रस्त्यावर चालत नाही हे खरं, पण तो नंबर पंधरा दिवस जिवंत असतो. गाडी काट्यावरून उतरली की आमचं ऑफिस त्यात गाडीचा नंबर भरेल. यात तुमचा एक फायदाही आहे. मुदतीचं घड्याळ पार्ट बी पहिल्यांदा भरला जातो तेव्हा सुरू होतं. दुपारी बिल काढून ठेवलं आणि गाडी हमालांअभावी दुसऱ्या दिवशी निघाली, तर मुदतीतला एक दिवस तुमच्याच फाटकाच्या आत संपतो.

मुदतीबद्दल एवढंच आणखी. गाडी बदलली म्हणून मुदत वाढत नाही. आमच्या त्या खेपेत शनिवारी पार्ट बी भरला. पहिला दिवस रविवारी मध्यरात्री संपला, तिसरा मंगळवारी मध्यरात्री. रविवार पूर्ण उभ्या गाडीत गेला. माल सोमवारी रात्री पोहोचला म्हणून निभावलं. नसता पोहोचला तर मुदत संपायच्या आधी आठ तास ते संपल्यानंतर आठ तास, एवढ्याच वेळात ती वाढवून घेता येते, आणि आयडी कोरा असेल तर ते कामही तुमच्याच लॉगिनमधून. मंगळवारी रात्री मी पुन्हा कुणाचा ओटीपी मागत बसलो असतो. एका गाडीचा माल दोन छोट्या गाड्यांत टाकावा लागला तर `Change to Multi Vehicle` आहे, पण तीही किल्ली ज्याच्याकडे हक्क आहे त्याच्याकडेच.

काही जण म्हणतील, तुमच्याकडे हक्क दिला आणि तुम्ही कुठल्याही गाडीचा नंबर टाकला तर? प्रश्न रास्त आहे. पार्ट बीमधला प्रत्येक बदल तारीख-वेळेसह त्या बिलावर राहतो आणि तुम्हाला तो तुमच्या लॉगिनमध्ये दिसतो. कुठे बदलला, कोणत्या कारणाने बदलला, सगळं. पार्ट एला आम्ही हात लावू शकत नाही. माल, किंमत, घेणारा यातलं अक्षरही बदलत नाही. आणि गाडी बदलली की तुमच्या मोबाइलवर नव्या गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा नंबर आणि माल पलटी करताना काढलेला फोटो पाठवायची जबाबदारी आम्ही लेखी घ्यायला तयार आहोत. आयडीखाली झालेल्या आमच्या प्रत्येक नोंदीचं उत्तर आम्ही देऊ. त्या नोंदीत चूक झाली तर तिचा दंडही आमचा. दुसऱ्याच्या कोऱ्या जागेचा दंड मात्र आम्ही देणार नाही.

आता मागण्या.

प्रत्येक ई-वे बिलावर, पार्ट ए भरतानाच, ज्याच्या बिल्टीवर माल जातो त्याचा ट्रान्सपोर्टर आयडी टाका. गाडी दलालाकडून आली असेल तर बिल्टी कुणाची हे विचारा आणि मगच भरा. जीएसटी नंबर नसलेल्या ट्रान्सपोर्टवाल्यालाही पोर्टलवर नोंदणी करून पंधरा अंकी आयडी मिळतो, तेव्हा ‘त्याच्याकडे नंबरच नाही’ हे कारण आता चालत नाही.

काटा होऊन इन्व्हॉइस पक्का झाल्याशिवाय ई-वे बिल काढू नका.

तुमच्या लॉगिनखाली एक सब-युजर तयार करा, त्याचा ओटीपी त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर जाईल असा. माल पोहोचेपर्यंत त्याचा फोन चालू हवा, रविवारीसुद्धा. मालकांच्या एका मोबाइलवर सगळ्या हंगामाच्या गाड्या टांगून ठेवू नका. सब-युजरला कोणती कामं द्यायची आणि कोणती नाही हे तुम्हीच ठरवू शकता.

लोडिंग स्लिपवरची ती ओळ काढा. तिच्या जागी हवं तर असं लिहा: इन्व्हॉइस, पार्ट ए आणि आयडी यांतली चूक माल पाठवणाऱ्याची, पार्ट बी आणि मुदत यांतली चूक आयडी असलेल्या वाहतूकदाराची. यावर आमची सही ड्रायव्हरकडून घेऊ नका. ऑफिसला कागद पाठवा, मी स्वतः सही करीन.

आणि त्या खेपेच्या भाड्यातून कापलेली रक्कम परत द्या. संबंधित जिनिंगला हिशेब आधीच पाठवलेला आहे: हॉल्टिंग, हमाली, धाब्याच्या आवाराचं भाडं, पावत्यांसह.

ज्या ई-वे बिलावर आमचा आयडी नसेल त्या मालाची बिल्टी पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून आमच्या ऑफिसातून फाटणार नाही. परभणी, सेलू, मानवत आणि जालन्याच्या ज्या ट्रान्सपोर्टवाल्यांशी मी बोललो, त्यांच्यातले बरेच जण हेच करणार आहेत. आमचा आयडी आमच्या प्रत्येक बिल्टीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात छापलेला आहे. मुनीमजींना तो आजच सॉफ्टवेअरमध्ये भरून ठेवायला सांगा.

आपला,
एक ट्रान्सपोर्टवाला,
परभणी